चार भाडेकरू, एक शीट: छोट्या घरमालकांचे ॲपबद्दलचे नेहमीचे प्रश्न

वारज्याचे दोन फ्लॅट, साताऱ्यातला एक गाळा आणि सासूबाईंच्या घरावरची एक खोली, एवढा आमचा पसारा. याचा हिशेब मी आधी डायरीत ठेवला, मग दोन ॲपमध्ये आणि शेवटी शीटमध्ये. ओळखीतल्या घरमालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्रातले आहेत.

चार-पाच जागांसाठी ॲप लागतं तरी का? डायरी काय वाईट?

डायरी वाईट नाही. पण डायरीत आपण बहुतेक 'जून – मिळाले' एवढंच लिहितो, आणि गोंधळ नेमका तिथे सुरू होतो. भाडं किती यायचं होतं आणि किती आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच बरोबरच्या खुणेत कोंबल्या की अर्धवट आलेलं भाडं, दुसऱ्याच्या खात्यावरून आलेले पैसे, दुरुस्तीपोटी कापलेली रक्कम यातलं काहीच नंतर सापडत नाही. वर्षभराने भाडेकरू म्हणतो "काकू, मी तर सगळं दिलंय", आणि आपल्याकडे दाखवायला फक्त टिक असते.

त्यामुळे कुठलंही साधन निवडताना मी आधी एकच बघते: 'येणं' आणि 'जमा' ते वेगळं ठेवतं का. जे ठेवतं ते चालेल, मग ती रेघा मारलेली वही का असेना. सहा-सात जागांपर्यंत माझं मत गूगल शीट, गूगल ड्राइव्ह आणि फोनमधलं कॅलेंडर या तिघांच्या बाजूने आहे. त्यापुढे, किंवा पीजी चालवत असाल आणि खाटा दर महिन्याला बदलत असतील, तर खास ॲपसाठी पैसे मोजायला हरकत नाही.

शीटमध्ये नेमकं काय आणि कसं लिहायचं?

भाड्याच्या हिशेबाला दोन पानं पुरतात. पहिलं 'येणे'. यात दर महिन्याला प्रत्येक जागेची एक ओळ: जागा, महिना, यायचं भाडं आणि बाकी. दुसरं 'जमा'. पैसे हातात किंवा खात्यात आले की इथे एक ओळ: तारीख, जागा, कुठल्या महिन्याचे, रक्कम, प्रकार (भाडे, डिपॉझिट, लाइट बिल) आणि कसे आले (बँक, रोख, वजावट). 'येणे' पानाच्या चौथ्या रकान्यात, म्हणजे `D2` मध्ये, हे सूत्र टाकून खाली ओढायचं:

```
=C2-SUMIFS('जमा'!D:D,'जमा'!B:B,A2,'जमा'!C:C,B2,'जमा'!E:E,"भाडे")
```

म्हणजे यायच्या भाड्यातून, त्याच जागेचे, त्याच महिन्याचे, 'भाडे' म्हणून जमा झालेले सगळे आकडे वजा. उरली ती बाकी. शून्य आलं तर महिना मिटला.

आता वारज्याच्या फ्लॅटचं खरंखुरं उदाहरण. भाडं १४,०००. जूनच्या ७ तारखेला १०,००० आले आणि २२ तारखेला भाडेकरूच्या भावाच्या यूपीआयवरून ४,०००. 'जमा'मध्ये दोन ओळी झाल्या, दोन्हींचा महिना 'जून-25'. भावाचं नाव मी शेरा म्हणून लिहिलं आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शेजारी टाकले, कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त भावाचंच नाव दिसतं आणि सहा महिन्यांनी ते कोण हे आठवत नाही.

जुलैत भाडेकरूने स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला. प्लंबरला २,००० दिले आणि मला १२,००० पाठवले. इथे बरेच जण १२,००० लिहून मोकळे होतात. मी दोन ओळी लिहिल्या: १२,००० बँक आणि २,००० वजावट, दोन्ही 'भाडे'. शिवाय दुरुस्तीच्या वेगळ्या पानावर, ते पुढे येईलच, २,००० चा खर्च. हा खटाटोप का, ते कराच्या प्रश्नात येईल.

सूत्र बरोबर आहे, तरी बाकी चुकीची दाखवतंय. काय झालं असेल?

दहातल्या नऊ वेळा तीन कारणांपैकी एक असतं.

पहिलं: रकमेच्या चौकटीत '14000/-' किंवा 'रु. 14000' लिहिलं गेलंय. शीट त्याला आकडा न समजता मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. रकाना वरून खाली नजरेने चाळला की डावीकडे सरकलेला आकडा लगेच दिसतो.

दुसरं खास आपलं: एका पानावर 'जून-25' आणि दुसऱ्यावर 'जुन-25'. ऱ्हस्व-दीर्घाने शीटच्या लेखी महिनाच बदलला. शब्दामागे राहिलेली मोकळी जागासुद्धा तेच करते. म्हणून जागा, महिना आणि प्रकार हे तीन रकाने हाताने लिहायचेच नाहीत. `Data` मेनूत `Data validation` मधून ड्रॉपडाउन करून ठेवायचा आणि यादीतून निवडायचं. एकदा पंधरा मिनिटं जातात, पण मग हा त्रास संपतो.

तिसरं तारखांचं. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 03/04 म्हणजे ते ४ मार्च समजतं, ३ एप्रिल नाही. २५ तारखेची नोंद केली की पंचविसावा महिना नसल्यामुळे तारीख मजकूर होऊन बसते. अर्ध्या तारखा डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे दिसल्या की हेच समजायचं. `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` India करावं, पण ते पहिल्याच दिवशी. नंतर बदललं तर आधी चुकून मार्च झालेली तारीख आपोआप एप्रिल होत नाही, त्या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

उधारीच्या वहीचं ॲप चालेल का? आमच्या दुकानात तेच वापरतो.

खाताबुकसारखी ॲप मुळात दुकानदाराच्या उधारीसाठी आहेत: माल दिला, पैसे आले, बाकी इतकी. भाडेकरूला गिऱ्हाईक म्हणून घातलं तर बाकी बरोबर निघते आणि आठवणीचा मेसेजही जातो. दुकानाचा मालक असलेल्या माणसाला हाताला सवय असते, तेव्हा जरूर वापरावं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. दर महिन्याच्या १ तारखेला 'दिले' बाजूला भाड्याची नोंद करायला विसरलात तर तो महिना आलाच नाही असं दिसेल. आणि डिपॉझिट त्याच खात्यात घातलं तर भाडेकरूची पन्नास हजारांची आगाऊ रक्कम जमा असल्यासारखं दिसतं, मग तीन महिने भाडं थकलं तरी ॲप हू की चू करत नाही. डिपॉझिटसाठी 'वारजे-1 डिपॉझिट' असं वेगळंच गिऱ्हाईक उघडावं.

परदेशी 'लँडलॉर्ड' ॲपबद्दल यूट्यूबवर फार ऐकतो. तीच घ्यावीत का?

टर्बोटेनंट, स्टेसा ही अमेरिकेतल्या घरमालकांसाठी केलेली आहेत. भाडं थेट जमा करायची त्यांची सोय तिथल्या बँक खात्यांवर चालते, आणि स्टेसाचे वर्षाखेरचे अहवाल तिथल्या 'शेड्यूल ई' या कराच्या फॉर्मप्रमाणे लावलेले असतात. तुमचं घर न्यू जर्सीत असेल तर अवश्य बघा. वारज्यात असेल तर त्यातली निम्मी बटणं नुसती शोभेची.

भारतीय ॲप घ्यायचंच ठरवलं, तर ते पारखायचं कसं?

जाहिरातीतल्या सोयींची यादी वाचत बसू नका. एक काल्पनिक भाडेकरू घाला आणि त्याला त्रास द्यायला लावा. त्याचं डिपॉझिट ५०,००० घ्या. पहिल्या महिन्याचं भाडं दोन हप्त्यांत आलं असं लिहा. दुसऱ्या महिन्यात २,००० दुरुस्तीपोटी वजा करा. तिसऱ्या महिन्यात १२ तारखेला त्याला घर सोडायला लावा आणि बारा दिवसांचं भाडं, राहिलेलं लाइट बिल कापून डिपॉझिट परत करा. हे सगळं अर्ध्या तासात होतं. कुठे अडलं, कुठे 'भाडं' आणि 'डिपॉझिट' एकत्र मिसळलं, ते लगेच कळतं.

मग शेवटची परीक्षा: सगळ्या नोंदी बाहेर काढून बघा. एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल मिळाली आणि तिच्यात तारीख, जागा, रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत असतील तर उत्तम. नुसती पीडीएफ मिळत असेल तर ते ॲप मी घेणार नाही. माझ्याकडचं एक ॲप दीड वर्षाने बंद पडलं. आधी नोटिफिकेशन यायची थांबली, मग लॉगिन होईना. माझ्याकडे उरल्या होत्या अठरा पीडीएफ पावत्या, आणि त्या बघून मी दोन रविवार आकडे हाताने शीटमध्ये चढवले. सासूबाई चहा देताना म्हणाल्या, "माझी वही बरी होती की!"

आणखी एक: भाड्याच्या हिशेबाला फोनमधले सगळे संपर्क आणि मेसेज वाचायची परवानगी लागत नाही. मागत असेल तर नकार द्या. नकार दिल्यावर ॲप चालेनासं झालं तर काढून टाका.

दुरुस्त्यांची नोंद ठेवून काय मिळतं? बिल दिलं की झालं ना?

मलाही तसंच वाटायचं. शीटमध्ये दुरुस्तीचं तिसरं पान केलं तेव्हा रकाने ठेवले ते असे: तक्रार कधी आली, जागा, जागेतली जागा (बाथरूम, ओटा, बाल्कनी), काय झालं, कोण आलं, खर्च, खर्च कुणाचा, काम कधी मिटलं आणि फोटोची लिंक.

दुसऱ्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावरचे काका दर पावसाळ्यात छतावर ओल आल्याची तक्रार करायचे. दर वेळी गवंडी यायचा, प्लास्टर करायचा, वर रंग मारायचा. पानाला 'बाथरूम' फिल्टर लावला तेव्हा तीन ओळी एकाखाली एक आल्या: जुलै २०२२, ऑगस्ट २०२३ आणि मार्च २०२४. तिसरी ओळ महत्त्वाची, कारण मार्चमध्ये पाऊस नसतो. म्हणजे पाणी बाहेरून येत नव्हतं, आमच्याच बाथरूममधून झिरपत होतं. त्यानंतर गवंड्याला न बोलावता प्लंबरला बोलावलं, त्याने नहाणी ट्रॅपभोवतीची फरशी उघडली, सांधा सुटलेला निघाला. तीन प्लास्टरांचा मिळून खर्च या एका कामापेक्षा जास्त झाला होता. 'जागेतली जागा' हा रकाना नसता तर तीन बिलं तीन वेगळ्या कोपऱ्यांत पडून राहिली असती.

भाडेकरूंना तक्रारीसाठी गूगल फॉर्म भरायला लावायचा मोह टाळा. फॉर्ममधून फोटो चढवायचा तर त्यांना गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि नळ गळत असताना कुणी ते करत नाही. ते व्हॉट्सॲपच करणार. करू द्या, पण तिथली तक्रार त्याच दिवशी शीटमध्ये उतरवायची जबाबदारी आपली.

मग कागदपत्रंही व्हॉट्सॲपवरच राहू दिली तर?

नको. व्हॉट्सॲप ही पोस्टमनची पिशवी आहे, कपाट नव्हे. फोन बदलला, मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चुकून चालू राहिली, की करारनामा गेला. फोटोही दाबले जाऊन येतात, बारीक अक्षर वाचता येत नाही. कुणाला कागद पाठवायला सांगाल तेव्हा 'फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा.

ड्राइव्हमध्ये प्रत्येक जागेचा एक फोल्डर आणि त्यात प्रत्येक भाडेकरूचा एक. आत नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि त्याचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, पोलीस व्हेरिफिकेशनची पोच, ओळखपत्र, आणि किल्ली देण्याच्या दिवशीचा घराचा व्हिडिओ व मीटरच्या रीडिंगचा फोटो. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. त्यामुळे इंडेक्स टू हा या फोल्डरमधला सगळ्यात मोलाचा कागद.

फाइलच्या नावात तारीख आधी आणि उलटी लिहावी, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात:

```
2025-06-01_वारजे-1_करार.pdf
2025-06-01_वारजे-1_मीटर.jpg
```

आधार कार्ड घेताना पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत मागा, ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. भाडेकरू गेला, हिशेब मिटला, की ओळखपत्रांच्या प्रती काढून टाका. दुसऱ्याची कागदपत्रं वर्षानुवर्षं साठवून आपलं काही भलं होत नाही. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, आणि त्यात ईमेल व फोटोही मोजले जातात. करारांनी ती भरत नाही, व्हिडिओंनी भरते.

डिजिलॉकर चालणार नाही का?

तुमच्या स्वतःच्या कागदांसाठी चालेल. भाडेकरूचे कागद ठेवायची ती जागा नव्हे.

करार संपायची तारीख दर वेळी हुकते. ॲप आठवण करून देईल का?

ॲपपेक्षा कॅलेंडर भरवशाचं, कारण ते तसंही रोज उघडलं जातं. कराराच्या दिवशीच दोन नोंदी टाका. संपायच्या ६० दिवस आधी 'राहणार का विचारणे, नवं भाडं ठरवणे', आणि ३० दिवस आधी 'नोंदणीची वेळ घेणे'. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर भाडेकरू 'हो' म्हणेपर्यंत करार संपलेला असतो, आणि मधले दिवस तो कुठल्याच कागदाशिवाय राहतो. माझ्या कॅलेंडरमध्ये या नोंदींत करारनाम्याची ड्राइव्हमधली लिंकही असते, म्हणजे अटी शोधाव्या लागत नाहीत.

सीएला काय द्यायचं? आणि ते वजावटीचे २,००० कुठे गेले?

आता तो हिशेब. वर्षाचं भाडं १४,००० गुणिले १२, म्हणजे १,६८,०००. त्यातून त्या वर्षात तुम्ही स्वतः भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर वजा होतो. समजा तो ६,२००. राहिले १,६१,८००. त्यावर सरसकट ३० टक्के, म्हणजे ४८,५४० वजा. करपात्र उरले १,१३,२६०. कर्जाचं व्याज असेल तर ते पुढे वेगळं.

ते ३० टक्के दुरुस्ती, रंगकाम सगळ्याबद्दल एकदाच मिळतात, तुमचा खर्च शून्य असो की लाख. म्हणून नळाचे २,००० भाड्यातून पुन्हा वजा करता येत नाहीत. तुम्ही जुलैचं भाडं १२,००० लिहिलंत तर वर्षाची बेरीज १,६६,००० भरते, आणि भाडेकरू त्याच्या कचेरीत घरभाडे भत्त्यासाठी तुमच्या पॅनसकट १,६८,००० दाखवतो. ही तफावत पुढे तुम्हाला निस्तरावी लागते. दोन ओळी लिहिल्या तर हा प्रश्नच येत नाही.

सीएला 'येणे' आणि 'जमा' ही दोन पानं आणि मालमत्ता कराची पावती पाठवली की माझं काम होतं. भाड्यासाठी वेगळं बचत खातं असेल तर आणखी सोपं, स्टेटमेंट आणि शीट शेजारी ठेवून ताळा दहा मिनिटांत लागतो.

फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, तो परदेशात. हिशेब मी बघते. काही वेगळं करावं लागेल?

त्याच्या जागांची शीट वेगळी ठेवा, आपल्यात मिसळू नका. भाडं त्याचं उत्पन्न आहे, आणि त्याच्या एनआरओ खात्यात गेलेलं बरं. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, भाडं कितीही असो. देशात राहणाऱ्या मालकाला लागू होणारी महिना पन्नास हजारांची मर्यादा इथे नाही. म्हणून 'जमा'मध्ये 'कापलेला कर' असा आणखी एक प्रकार ठेवा आणि सूत्रात तोही धरा, नाहीतर दर महिन्याला बाकी दिसत राहील आणि तुम्ही भल्या भाडेकरूला उगाच फोन कराल. मुलाला शीट `Viewer` म्हणून द्या. आमच्या नात्यात एकाला `Editor` केलं होतं, त्याने डॅलसहून रविवारी रात्री रकाने 'नीट' लावून दिले. सोमवारी सकाळी `Version history` मधून शनिवारची प्रत परत आणावी लागली.